पैसे कशाचे मोजायचे

"एवढ्या दुकानांचं सोशल मीडिया सांभाळता, मग अजून फुकटच्या टूलवर का? पेड कधी घेणार?"

घेतलं होतं, वर्षभर. पोस्ट वेळेवर पडाव्यात एवढ्यासाठी नव्हे. इन्स्टाग्राम-फेसबुकचं शेड्यूलिंग मेटा बिझनेस सूटमध्ये आणि यूट्यूबचं स्टुडिओत फुकट होतं. पैसे मोजले ते रिपोर्टसाठी.

दिवाळीच्या तोंडावर फराळ विकणाऱ्या एका ताईंना तो रिपोर्ट पाठवला. रीच वाढलेला, एंगेजमेंट वाढलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "यातल्या ऑर्डरी कुठून आल्या गं?" जाहिरातीचे उरलेले पैसे कुठे लावायचे, हे त्यांना त्याच दिवशी ठरवायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर यायच्या. गिऱ्हाईक लिंक दाबून चॅटमध्ये गेलं की पुढचं त्या टूलला दिसतच नव्हतं. ताई रागावल्या नाहीत, नुसतं "बरं" म्हणाल्या. ते मला फार लागलं.

त्या रात्री प्रत्येक जागेसाठी वेगळी लिंक केली. लिंक दाबली की मेसेज आधीच लिहिलेला येतो, शेवटचं अक्षर तेवढं वेगळं: S म्हणजे स्टोरी, F म्हणजे फेसबुक.

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Faral%20hava-S
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=Faral%20hava-F
```

आलेल्या चॅटला ताई व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये S किंवा F लेबल लावायच्या आणि पैसे आले की 'ऑर्डर' हे दुसरं लेबल. आठवड्यात दिसलं की फेसबुकवरून भाव विचारणारे जास्त, पण पैसे भरणारे स्टोरीवरून येतात. यात त्रुटी आहेतच. काही जण ते अक्षर खोडतात, जुनं गिऱ्हाईक थेट मेसेज करतं. तरी जाहिरात कुठे लावायची, हे त्यावरून ठरलं. खर्च शून्य.

म्हणून मी पेडच्या विरोधात आहे असं समजू नका. समजा टूलला महिना १,५०० रुपये पडतात आणि तुमच्या तासाचे ३०० मिळतात. मग महिन्याला पाच तास वाचले तरच बरोबरी होते, आणि तेही त्या पाच तासांत दुसरं काम मिळालं तर. 'वेळ म्हणजे पैसा' म्हणत ते वर्गणी भरणारी तेव्हाची मी हे शेवटचं वाक्य सोडून द्यायची. दोन-तीन दुकानांवर पाच तास वाचत नाहीत.

पण तेव्हाच्या माझं 'वेळ म्हणजे पैसा' हे म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. आता कामं वाढलीत. डिझाइनच्या मंजुऱ्या व्हॉट्सअॅपवर विखुरतात आणि कुठली प्रत शेवटची, हे शोधण्यातच संध्याकाळ जाते. मंजुरीची सोय असलेलं टूल तिथे पैसे वसूल करील, असं वाटतं. पण माझे दुकानदार त्यात लॉगिन करून मंजुरी देतील? दोघांना विचारलं. एक म्हणाले, "तुम्ही व्हॉट्सअॅपवरच पाठवा ना."