दाणा कधी पडेल

गेल्या रविवारी दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी मी फेसबुकवर एक छायाचित्र आणि त्याखाली सात ओळी टाकल्या. नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडण्यापूर्वी मी तिच्या दगडी पायऱ्यांचे छायाचित्र काढून ठेवले होते, आणि त्या तीन पायऱ्यांवर आमच्या पिढीच्या किती सुट्ट्या बसून सरल्या, असा साधारण त्या ओळींचा आशय होता. मजकूर आठवडाभर घोळवलेला असल्यामुळे तो टाकून शांतपणे पडावे, असा माझा बेत होता. परंतु १ वाजून ४३ मिनिटांनी मी फोन उघडून पाहिला आणि तेथे काहीही नव्हते. चार मिनिटांनी पुन्हा पाहिले, तेव्हा दोन अंगठे आले होते. त्यांपैकी एक माझ्या मामेभावाचा होता, आणि तो निधनाच्या बातमीलाही अंगठाच देतो, त्यामुळे तो मी हिशेबात धरला नाही.

१ वाजून ५२ मिनिटांनी माझे लक्ष चौथ्या ओळीकडे गेले. ‘ते दिन आता गेले’ असे लिहायचे होते, तेथे मी ‘ते दीन आता गेले’ असे लिहून आमच्या सबंध चाळकरी मंडळींना दारिद्र्यात लोटले होते. लिहिताना न दिसणारी चूक टाकल्याबरोबर कशी दिसते, याचे उत्तर मला एवढेच सापडले आहे की, टाकल्यानंतर आपण आपला मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचतच नाही. आधी तो शाळेतल्या बाईंच्या डोळ्यांनी वाचतो, मग व्याह्यांच्या, मग ज्याच्याशी गेली दहा वर्षे बोलणे नाही त्या मित्राच्या, आणि प्रत्येक वाचनात तो थोडा थोडा अधिक पोरकट वाटू लागतो. मी चूक दुरुस्त केली आणि दुरुस्ती नीट उमटली की नाही, हे पाहण्याच्या निमित्ताने आणखी तीनदा आत गेलो.

निमित्तांची माझ्याकडे वाण नाही. किती वाजले ते पाहायचे असते, पाऊस येणार का ते पाहायचे असते, बॅटरी किती उरली तेही पाहायचे असते. हे सारे पाहून झाल्यावर अंगठा आपोआप त्या निळ्या चौकोनावर जातो. खिशात फोन थरथरल्यासारखे वाटते आणि काढून पाहावा तर तो निपचित पडलेला असतो. अडीचच्या सुमारास मी बायकोचा फोन उचलून तिच्या खात्यातून माझाच मजकूर पाहत असताना पकडला गेलो. ‘अहो, मी दिलाय अंगठा, पुन्हा पुन्हा काय पाहताय?’ असे म्हणून तिने फोन काढून घेतला आणि कूस बदलली.

त्याच वेळी खिडकीच्या जाळीबाहेर, एसीच्या पेटीवर एक कबूतर येऊन पत्र्यावर चोच आपटू लागले. ठाण्यातल्या इमारतीत राहणाऱ्या माणसाला कबुतराविषयी प्रेम उरलेले नसते, पण महाविद्यालयात मानसशास्त्र घेतलेल्या माणसाला त्या टकटकीवरून स्किनर आठवतो. या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात कबुतरांना पेटीत ठेवून तबकडीवर चोच मारायला शिकवले होते. दाणा ठरावीक वेळ गेल्यानंतरच्या चोचीला मिळत असेल, तर कबूतर ते शिकते. दाणा मिळाल्यावर ते बराच वेळ स्वस्थ राहते आणि पुढची वेळ जवळ आली की चोचीचा वेग वाढवते. मात्र ती वेळ कधी थोडी, कधी पुष्कळ, अशी बेभरवशाची ठेवली, तर कबूतर स्वस्थ असे बसतच नाही. एका लयीत, न थांबता ते चोच मारत राहते, कारण आताचीच चोच दाण्याची नसेल कशावरून?

माझी तबकडी कोणती, हे वेगळे सांगायला नको. त्यात भर अशी की, आपला मजकूर टाकल्या क्षणी सगळ्या ओळखीच्यांसमोर जात नाही. कोणाला तो केव्हा आणि कितव्या क्रमांकावर दिसावा, हे यंत्रणा ठरवते आणि दिसणारी माणसेही आपापल्या सवडीने फोन उघडतात. रविवारी दुपारी पावणेदोनला अर्धे ठाणे जेवून आडवे झालेले असते. पहिल्या दहा मिनिटांतल्या शांततेचा अर्थ ‘लोक झोपले आहेत’ एवढाच असू शकतो, आणि मी मात्र तो ‘लोकांना आवडले नाही’ असा लावत होतो.

आमच्या घरातल्या अप्पांची तऱ्हा वेगळी होती. ते वृत्तपत्रांच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहीत असत. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. गडकरी रंगायतनमध्ये पडदा उघडल्यावर उशिरा येणारे, गुडघ्यांवरून पाय टाकत आपली खुर्ची गाठणारे प्रेक्षक हा त्यांचा आवडता विषय होता. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर, पत्त्याच्या बाजूचीही जागा न सोडता ते लिहीत आणि कार्ड पेटीत टाकल्यावर पेटीवर दोनदा थाप मारत. त्यानंतर त्यांचे दिवसभराचे सगळे यथास्थित चाले. कचेरी, बाजार, संध्याकाळी मासुंदा तलावावर फेरी, यांत कुठे त्या पत्राचा मागमूस नसे. पहाटे मात्र सहाच्या सुमारास पेपर दारात पडला की, ते तो उचलून मुद्दाम पहिल्या पानापासून वाचू लागत, हवामान वाचत, बाजारभाव वाचत, आणि पत्रांच्या पानाशी आले की चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत. पत्र नसले तर पेपर घडी करून स्नानाला जात. मग दुसऱ्या पहाटेपर्यंत काही नाही. लहानपणी मला वाटे की अप्पांचा स्वभावच मोठा शांत आहे. आता वाटते की त्यात स्वभावाचा वाटा असेलही, पण त्यांचा दाणा रोज एकदाच, सहा वाजता पडत असे.

मग मी माझा पेपर दिवसातून तीनदा येईल असे ठरवले: चारच्या चहाला, सातला आणि जेवणे झाल्यावर साडेनऊला. हे सर्वस्वी माझ्या डोक्यातले नव्हे. भारतातल्याच फोनधारकांवर केलेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात फोनवरच्या सूचना दिवसातून तीन वेळा एकगठ्ठा मिळणारी माणसे अधिक निवांत आढळली, तर ज्यांच्या सूचना पूर्ण बंद केल्या होत्या त्यांची धाकधूक उलट वाढली. तेव्हा ‘फोन बंदच करून टाका’ हा शेजाऱ्यांचा लाडका उपदेश इथे लागू पडत नाही. आणि नुसती घंटी बंद करूनही भागत नाही, कारण माझ्या बाबतीत घंटी वाजतच नव्हती आणि तरी मी दार उघडून पाहत होतो. म्हणून फोन चार्जिंगला लावून आतल्या खोलीत ठेवला आणि वेळ पाहण्यासाठी भिंतीवरच्या घड्याळात सेल घातला. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. हात तीनदा रिकाम्या खिशात जाऊन आला. त्यानंतर झोप लागली.

चारला अकरा अंगठे होते. सातला किती होते ते आठवत नाही. साडेनऊला जुन्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या काकूंचा एक अभिप्राय आलेला दिसला: ‘पायऱ्या तीन नव्हत्या रे, चार होत्या. रस्ता उंच केला तेव्हा खालची पुरली गेली.’

आणि ती पायरी मला दिसली. डाव्या कोपऱ्यात टवका उडालेली, पावसात तिच्या खाचेत पाणी साचे आणि आम्ही त्यात चिंचोके भिजत टाकत असू. आठवडाभर त्या पायऱ्यांवर लिहीत होतो, छायाचित्र डोळ्यांसमोर धरून लिहीत होतो, आणि ती एकदाही आठवली नव्हती. ‘बरोबर काकू, चारच. चिंचोक्यांची पायरी,’ असे मी उत्तर लिहिले आणि फोन आत ठेवून आलो. पुढची वेळ दुसऱ्या दिवशीच्या चहाची होती. सव्वादहाला मी उठलो, काकूंनी वाचले का ते पाहायला.