शून्य ते तीन

जेवणं उरकून भाचीच्या खोलीत घड्या घालायला बसले होते. बाहेर कोल्हापूरचा श्रावण. ऊन-पावसाचा खेळ बिळ काही नाही, नुसताच पाऊस. दोरीवर, खुर्चीच्या पाठीवर, खिडकीच्या गजांवर लंगोटच लंगोट, आणि एकाला हात लावावा तर तो परवाचा असूनही दमटच. त्या ढिगातून एक कोरंकरकरीत झबलं निघालं. पिवळं, पोटावर बदक, मानेपाशी चिठ्ठी तशीच लटकलेली: न्यूबॉर्न. ज्याच्यासाठी आणलं तो दीड महिन्याचा होऊन पलीकडे हातपाय झाडत होता. घालून बघितलं. खांद्यातून गेलं, पोटावर बटण काही लागेना.

असली बरीच निघाली. बारशाला आलेली. बारशाला येणाऱ्या माणसाचं डोकं दुकानात कसं चालतं हे मला पाठ आहे. महाद्वार रोडवर दुकानदार तीन मापं पुढे टाकतो. त्यातलं सगळ्यात चिमुकलं उचललं की शेजारची अनोळखी बाई पण 'अगं बाई, केवढुस्सं!' म्हणते. सहा महिन्यांच्या झबल्याला असं कोण म्हणत नाही. मग केवढुस्संच घेतलं जातं.

बारशाचा दिवसही फसवा असतो. आमचं बाळ जन्मलं तेव्हा दोन किलो आठशे ग्रॅम होतं. चौथ्या दिवशी वजन केलं तर दोन सहाशे. जावईबापूंचा चेहरा पडला. पहिल्या काही दिवसांत थोडं वजन उतरतंच आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं, हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तरी पटलं नाही. बाराव्या दिवशी, पाळण्यात घालायच्या वेळी, काटा परत दोन आठशेवर. म्हणजे पाहुण्यांनी बघितलं ते बाळ जन्मलं तेवढंच होतं. खरी वाढ त्यानंतरची. रोज पंचवीस-तीस ग्रॅम धरा. परवा दीड महिन्याच्या लसीला नेलं तर कार्डावर तीन सातशे लिहून आलं.

आता चिठ्ठीकडे बघा. न्यूबॉर्न म्हणजे कुठे साडेतीन किलोपर्यंत, कुठे चार, कुणाचं त्याहूनही सैल. शून्य ते तीन म्हणजे साधारण साडेपाच-सहा किलोपर्यंत. छापलेले असतात महिने, पण कापड बेतलेलं असतं वजनावर आणि लांबीवर. आमच्या बाळाला न्यूबॉर्न महिनाभर पुरलं. भाचीच्या मैत्रिणीचं बाळ साडेतीन किलोचं जन्मलं, त्याला ते आठवडाभरही धड आलं नाही. उलट अडीच किलोच्या बाळाला दीड महिना सहज जातं आणि शून्य ते तीनमध्ये ते सुरुवातीला नुसतं पोहत असतं. आमचा हाच वेग राहिला तर साडेतीन महिन्यांच्या लसीला पाच किलो दोनशेच्या आसपास भरेल, म्हणजे 'तीन महिने' उलटून गेले तरी शून्य ते तीन अंगात असेल. जर्मनीतल्या दिरांनी पाठवलेल्या कपड्यांवर नुसतंच ५६, ६२ असं छापलंय. छप्पन म्हणजे छप्पन सेंटिमीटर लांबीपर्यंतचं बाळ. महिन्यांचा घोळच नाही. मला ते फार आवडलं.

आमच्या आजीकडे चिठ्ठीच नव्हती. जुनं धोतर, तेही धुऊन धुऊन पार मऊ पडलेलं, आणि हाताने फिरवायचं शिवणयंत्र. माप ती घ्यायचीच नाही. वितीने कापायची. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, आत टोचायला नको म्हणून. समोर एकावर एक येणारे दोन पदर आणि नाड्या. आम्ही पोरं चाक फिरवायला भांडायचो आणि जिला ते मिळायचं तिला 'सावकाश फिरीव की, बाळ काय पळून चाललंय?' ऐकायला लागायचं. ते नाड्यांचं झबलं पहिल्या दिवशी गुंडाळून बांधायचं, चौथ्या महिन्यात तेच जेमतेम जुळवून बांधायचं. गळ्यातून काही घालावं लागत नाही, मान न धरणाऱ्या बाळाला ते सोयीचं, आणि नाळेचा देठ गळून पडेपर्यंत बेंबीवर काही घट्ट बसत नाही. बाळ यायच्या आधी नवं काही शिवायचं नाही असा तिचा दंडक होता, पहिलं झबलं दुसऱ्या कुणाच्या अंगावरचं, जुनंच. त्यामागे दृष्टीची भीती होती. पैसे मात्र वाचायचे.

आता पायमोज्यासकट शिवलेले अंगभर कपडे आलेत. दिसतात गोड, यात वाद नाही. पण बाळ पहिले महिने दर महिन्याला तीन-चार सेंटिमीटर लांब होतं आणि असला कपडा रुंदीला पुरत असतानाच लांबीला अपुरा पडतो. आतल्या आत पायाची बोटं दुमडली जातात, वरून कळत नाही. पाय सरळ करून टोकाशी चिमूट धरून बघायचं. चिमटीत कापड आलं नाही तर तो गेला. लंगोटावरून बटणं ओढून लावावी लागली तरी तेच. सुती लंगोटाचा फुगवटा मोठा, त्यामुळे लंगोटातलं बाळ मोठ्या मापात लवकर जातं. त्यात होजिअरीचं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडं आटतं.

म्हणून भाचीला मी आधीच बजावलं होतं: न्यूबॉर्न पाच-सहा, ती पण नाड्यांची, बाकी सगळं शून्य ते तीन, चिठ्ठ्या न काढता, पावत्या जपून. कमी पडलं तर कोपऱ्यावर दुकान आहे. लंगोट मात्र तीन डझन, कारण इथल्या पावसात धुतलेला लंगोट दुसऱ्या दिवशी हाताशी येईल याची खात्री नाही. पूर्वी शेगडीवर बुट्टी पालथी घालून तिच्यावर वाळवायचे, आता इस्त्री फिरवतो. स्वेटरही कोणीतरी चिमुकलाच आणलाय. थंडी पडेल तेव्हा हा पाच महिन्यांचा असेल, तीन ते सहाचं माप लागेल. तो स्वेटर आता कुणाला द्यायचा?

द्यायला एक घर आहे खरं. मागच्या गल्लीतल्या पोरीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात झालं, एक किलो सातशेचं. तिच्या सासूने हौसेने घेतलेलं सगळ्यात लहान झबलं त्याच्या पायांच्या खाली लोंबत होतं. तसंही दवाखान्यात त्याला झबलं नव्हतंच. टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीशी तासन्‌तास बांधून ठेवत होते, उबेसाठी. दोन महिन्यांनी ते तीन किलोला पोचलं, तेव्हा कुठे न्यूबॉर्न त्याच्या अंगाला बसलं. परवा ती दारात भेटली. म्हणाली, मावशी, लहान मापाचं काही असलं तर टाकू नका, आम्हाला अजून लागतंय.

पिवळं बदक तिकडेच जाईल.