तुकोबांची काळोखी रात्र आणि स्पेनमधला एक कैदी

"सर, तुकोबा घ्या, रूमी घ्या, नाहीतर ते ख्रिस्ती संत घ्या. अनुभव सगळ्यांचा एकच ना? मग हे विद्वान लोक भांडतात कशावरून?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पण सगळे संत एका दमात घेऊन नाही. तसं केलं की प्रत्येकाच्या दोन ओळी उचलता येतात आणि त्या जुळतातच. मी दोघांनाच घेतो, आणि सुरुवात आपल्या सांगलीपासून करतो.

गुरुदेव रा. द. रानडे काही काळ आपल्या विलिंग्डन कॉलेजात शिकवत होते. तत्त्वज्ञानाचे गाढे अभ्यासक तर ते होतेच, शिवाय जत तालुक्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलेले साधकही होते. महाराष्ट्रातल्या संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 साली आला. त्यात तुकोबांच्या तळमळीच्या अभंगांना त्यांनी 'आत्म्याची काळोखी रात्र' हे नाव दिलं. नाव त्यांचं स्वतःचं नव्हतं, ते सोळाव्या शतकातल्या स्पेनमधून आलं होतं. सगळ्या काळांतले आणि देशांतले संत मिळून एकच समाज होतो, असं रानड्यांचं मत होतं. त्यामुळे हे नाव त्यांनी नुसतं शोभेसाठी घेतलं नव्हतं. दोघांचा अनुभव एकच, असा तो दावाच होता. तो तपासून बघता येतो.

स्पेनचे ते संत म्हणजे जॉन ऑफ द क्रॉस. मी त्यांना योहान म्हणतो. जन्म 1542, मृत्यू 1591. कार्मेल या त्यांच्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघात सुधारणेवरून तंटा झाला आणि संघातल्याच लोकांनी त्यांना 1577च्या डिसेंबरात पकडून टोलेडोच्या मठात डांबलं. जवळजवळ नऊ महिने ते एका अंधाऱ्या खोलीत होते. तिथून निसटल्यावर त्यांनी काळोख्या रात्रीची कविता लिहिली आणि मग तिच्यावर स्वतःच भाष्य केलं. भाष्यात ते म्हणतात की साधनेच्या सुरुवातीला देव गोडी लावतो, आणि मूल मोठं झालं की आई स्तनाला कोरफडीचा कडू रस लावते तशी ती गोडी काढून घेतो. पण माणूस नुसताच उदास असेल किंवा साधनेत ढिला पडला असेल तर? हा प्रश्न त्यांना पडला होता, म्हणून त्यांनी तीन खुणा सांगितल्या. पहिली, देवात रस वाटत नाही आणि जगातही वाटत नाही. दुसरी, आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडतोय, ही टोचणी सतत लागून राहते. तिसरी, पूर्वीसारखं चिंतन करायला, डोळ्यांपुढे प्रसंग आणून मनन करायला मन तयारच होत नाही.

आता तुकोबांकडे या. दुष्काळ पडला, धंदा बुडाला, एक बायको 'अन्न अन्न' करत गेली. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. पहिली खूण लावून बघा. 'जीवनावेगळी मासोळी तैसा तुका तळमळी' असं म्हणणाऱ्याला संसारात रस उरलेला नाही आणि हवं ते पाणीही मिळालेलं नाही. खूण लागू पडते. दुसरीही पडते. स्वतःला पतित म्हणवून घेणारे, आपलं काहीच साधलं नाही म्हणून झुरणारे अभंग गाथेत जागोजाग आहेत.

तिसरीपाशी मात्र गाडं अडतं. योहानांच्या परंपरेत साधकाला येशूच्या आयुष्यातले प्रसंग मनापुढे आणून त्यांवर टप्प्याटप्प्याने विचार करायला शिकवत. तो विचार थांबतो, ही त्यांची तिसरी खूण. त्यावर त्यांचा सल्ला असा की जबरदस्ती करू नका, प्रेमाने शांत लक्ष लावून बसा. वारकऱ्याची मुख्य साधना मुळात ती नाहीच. तो नाम घेतो, कीर्तनात उभा राहतो. जे करतच नव्हता ते बंद कसं पडणार? आणि तळमळ वाढली तर तुकोबा नाम सोडून शांत बसत नाहीत, उलट आणखी मोठ्यानं हाक मारतात. हाक मारून भागलं नाही की भांडतात. 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत त्यांची मजल जाते. योहानांच्या लेखणीतून हे वाक्य आलंच नसतं, आणि ते काही फक्त धर्मन्यायालयाच्या धाकामुळे नव्हे. त्यांच्या लेखी हा काळोख हीच देवाची करणी आहे. उजेड इतका जास्त की आत्म्याचे डोळे दिपतात. तुकोबांच्या लेखी देव आलेलाच नाही. तो वचन देऊन न येणारा आहे, म्हणून त्याला जाब विचारता येतो.

विद्वानांचं भांडण नेमकं इथंच आहे. तत्त्वज्ञ वॉल्टर स्टेस यांनी 1960 साली मांडलं की अनुभव वेगळा आणि त्याचा लावलेला अर्थ वेगळा. अर्थाची साल काढली की आतला गर सगळीकडे सारखा निघतो. 1978 साली स्टीव्हन काट्झ यांनी उलट बाजू घेतली. साल आणि गर असं काही वेगळं नसतंच. साधक लहानपणापासून जे शिकला, ज्याची वाट बघत बसला, त्यातूनच अनुभव घडतो. त्यांनी यहुदी गूढवाद्यांचा दाखला दिला. ते देवाला चिकटून राहण्याबद्दल बोलतात, देवात विरघळून जाण्याबद्दल सहसा नाही, कारण त्यांच्या शिकवणीत देव आणि माणूस यांच्यातलं अंतर पुसायचं नसतं.

तिसऱ्या खुणेपुरते काट्झ बरोबर आहेत, असं मला वाटतं. तुकोबांचं भांडण हा नंतर चढवलेला अर्थ नाही. ती तळमळच भांडणाच्या रूपाने होते. भांडण काढून टाका, मागे तुकोबांची तळमळ उरत नाही, भलतंच काहीतरी उरतं.

पण मग पहिल्या दोन खुणा का जुळल्या? ऐकीव माहितीने जुळल्या असं इथं म्हणता येत नाही. इतर ठिकाणी ती शंका आधी घ्यावी लागते. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात कोण कोण येतं ते बघा, शेख महंमदांनी मराठीत लिहिलेला 'योगसंग्राम' आठवा. आपल्याकडे सूफी आणि भक्त एकमेकांचं ऐकत होते, तेव्हा त्यांच्यातलं साम्य पुरावा म्हणून फारसं कामाचं नाही. युरोपातही तेच. प्राचीन ग्रीक परंपरेतल्या प्लोटायनस या तत्त्वज्ञाचे विचार अरबीत गेले आणि ख्रिस्ती मठांतही पोचले, म्हणून जर्मनीतला ख्रिस्ती गूढवादी एकहार्ट आणि सूफी कधीकधी एकाच घरातले वाटतात. देहू आणि टोलेडो यांच्यात मात्र असा धागा दाखवता येत नाही.

माझं उत्तर रानड्यांच्या पंथातल्या मित्रांना आवडत नाही, तरी सांगतो. दोन्ही वाटांनी माणसाला एकाच गोष्टीवर सगळं लावायला शिकवलं. ते लावून झालं आणि ती गोष्ट हाती आली नाही, की जगही बेचव होतं आणि दोष स्वतःवरच येतो. हे साम्य साधनेच्या घडणीतून येतं. दोघांना भेटला तो देव एकच होता, हे त्यावरून ठरत नाही. तो एक नव्हता, हेही ठरत नाही.

स्टेस यांच्या बाजूचा सर्वांत मजबूत मुद्दा या रात्रीत नाहीच. तो रॉबर्ट फोरमन यांनी 1990 साली पुढे आणला. ज्या अवस्थेत जाणीव आहे पण विचार, रूप, आवाज काहीच नाही, तिथं संस्कृतीचा रंग चढणार कशावर? साधनेने जर शिकलेलंच एकेक करून विसरायचं असेल, तर शेवटी शिकवणीचा ठसा उरेलच असं का धरायचं? यावर काट्झ यांच्या बाजूने पटेल असं उत्तर मला मिळालेलं नाही. अडचण एवढीच की त्या अवस्थेबद्दल आपल्याला कळतं ते बाहेर आल्यावर सांगितलेलं, आणि बाहेर आलेला माणूस पुन्हा मठातला किंवा वारीतला असतो. शिवाय तुकोबा त्या रिकामेपणात थांबले नाहीत. 'अणुरेणियां थोकडा तुका आकाशाएवढा' म्हणणाऱ्याच्याच गाथेत 'सुंदर ते ध्यान' आहे, कमरेवर हात ठेवलेलं. स्टेस यांच्या मोजपट्टीत हे सगुण दर्शन बसत नाही, दर्शनांना ते गूढानुभव म्हणायलाच तयार नव्हते. तुकोबांना त्यांच्या यादीत घ्यायचं तर अर्धी गाथा बाहेर ठेवावी लागते, आणि ती यादी मग कोणाची हा प्रश्न मी तुम्हालाच विचारीन.