सायक्लोन, भाग सहा: गरम रिले आणि आठ सेकंदांचा घोळ

दांडिया बाजारातल्या आमच्या तळमजल्यावर भुसा ओढणारा सायक्लोन अखेर चालतोय. तो सकाळी एका दमात सुरू होतो, पण अर्धा तास रंधा मारून बंद केला आणि लगेच पुन्हा बटण दाबलं की साधारण पाच सेकंदांत ओव्हरलोड रिले ट्रिप! तीन रविवार यातच गेले.

मोटर तीन एचपीची, पाटीवर 4.6 अँपिअर, रिलेही तिथेच लावलेला. पंख्याचं चाक जड असल्यामुळे वेग घ्यायला आठ सेकंद लागतात आणि तोवर करंट जवळजवळ सहापट असतो. दुकानदार म्हणाला, "डायल सहावर फिरवा." मी नाही फिरवला. तसं केलं तर साडेपाच अँपिअरवर मोटर तासन् तास भाजत राहील आणि रिलेला पत्ताही लागणार नाही.

माझा रिले क्लास 10 चा. म्हणजे सेटिंगच्या 7.2 पट करंटला थंड अवस्थेतून तो 4 ते 10 सेकंदांत सुटतो. माझी चूक ‘थंड’ या शब्दाकडे दुर्लक्ष करण्याची. आतली बायमेटल पट्टी आधीची उष्णता विसरत नाही. हिशोब असा:

```
t = τ · ln((I² − p²) / (I² − k²))
```

`I` म्हणजे सेटिंगच्या किती पट करंट, `p` आधीचा लोड, `k` म्हणजे ज्या पटीला रिले अखेर सुटतो ती, सुमारे 1.05, आणि `τ` म्हणजे पट्टी किती सावकाश तापते-निवते त्याचा कालस्थिरांक. रिलेसोबत आलेल्या आलेखात 7.2 पटीला 7 सेकंद आहेत, त्यावरून `τ` आला 326 सेकंद. सहापटीला थंड रिले 10.1 सेकंद धरतो. आधी 80 टक्के लोडवर चालून तापला असेल, तर फक्त 4.3! शेवटी करंट उतरतो, म्हणून हा आकडा जरा कडक आहे. पण कोडं सुटलं. दहा मिनिटं थांबलं तर 9.2 सेकंद मिळतात, म्हणूनच चहानंतर तो शहाण्यासारखा वागायचा.

मग क्लास 20 मागवला. त्याच्या आलेखातून गरम रिलेला 8.5 सेकंद निघाले, म्हणजे जेमतेम अर्ध्या सेकंदाची सवलत. क्लास 30 चा मोह झाला, पण मोटरच्या कॅटलॉगमध्ये रोटर अडकला तर सहन करायची मुदत गरम असताना 12 सेकंदच आहे. रिले त्याच्या आत सुटलाच पाहिजे.

हे लिहिताना सुचलं, खाली जाऊन करूनही आलो: सुरू करताना सगळ्या झडपा बंद. हवा वाहत नाही, पंख्यावर भार कमी, सहा सेकंदांत पूर्ण वेग! (जुना क्लास 10 तरीही सुटला, 4.3 कुठे आणि 6 कुठे.) क्लास 20 वर मात्र गरम असताना लागोपाठ दोनदा सुरू झाला. तिसऱ्यांदा हट्ट केला नाही, मोटरच्या वाइंडिंगचीही दया यायला हवी.

स्टार-डेल्टा स्टार्टर लावायचा बेत रद्द. त्याऐवजी मुख्य झडपेवर मायक्रोस्विच बसवून स्टार्ट बटणाच्या वायरीत घेतोय, म्हणजे झडप उघडी असेल तर कॉन्टॅक्टर ओढलाच जाणार नाही. स्विच आणलाय, तो बसवायची पट्टी अजून कापायची आहे.