‘क्षारता – वही – माझी चूक’

डिसेंबरातल्या एका सकाळी, म्हणजे बर्गेनमध्ये साडेआठ वाजून गेले तरी अंधारच असताना, मला रत्नागिरीहून सरांचा संदेश आला. सर म्हणजे माझे पदव्युत्तर वर्गाचे प्राणिशास्त्राचे शिक्षक. त्यांच्या एका विद्यार्थिनीला युरोपातील तीन विद्यापीठे मिळून चालवत असलेल्या सागरी जीवशास्त्राच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा होता. नॉर्वेचा विचार तिने आधीच सोडून दिला होता, कारण २०२३ पासून येथे युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरावे लागते. त्यामुळे तिचा अर्ज मी जेथे काम करते त्या विभागात येण्याची शक्यता नव्हती, आणि म्हणूनच मी मदत करायला मोकळी होते.

सरांनी लिहिले होते, “अगं, शिफारसपत्र हवे आहे. तिलाच लिहून आण म्हणणार होतो, मग तुझी आठवण झाली. मुद्दे देतो, तू पत्र बनव.” खाली मुद्दे होते, ते जसेच्या तसे देते: “हुशार, कष्टाळू, वक्तशीर. / खाडी – एकही फेरी चुकली नाही. / क्षारता – वही – माझी चूक. / पहिल्या सत्रात केटी, लिहू नये? / वडील ट्रॉलरवर खलाशी, घरची बेताची. / आजवरची सर्वोत्तम विद्यार्थिनी. / इंग्रजी बरे. / उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.”

विद्यार्थिनीलाच पत्र लिहायला सांगून खाली आपण सही करायची, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतही नाही. मी दोन वर्षे आमच्या विभागात आलेले अर्ज वाचण्याचे काम केले आहे. अशी पत्रे ओळखायला फार वेळ लागत नाही. अर्जदाराचे स्वतःचे निवेदन आणि शिक्षकाचे पत्र यांत तीच शब्दयोजना असते, तीच चूक दोन्हीकडे असते, आणि शिक्षकालाच ठाऊक असायला हवी अशी एकही गोष्ट पत्रात नसते. विद्यार्थ्याला स्वतःविषयी पुष्कळ माहीत असते, पण आपण इतर चाळीस जणांच्या तुलनेत कोठे उभे आहोत हे ठाऊक नसते. समितीला नेमके तेच हवे असते.

म्हणून मी सरांना कळवले की मसुदा मी करीन, पण तुम्ही स्वतः पाहिलेले नाही असे एकही वाक्य त्यात येणार नाही आणि शेवटचा हात तुमचाच फिरेल. त्यानंतर त्याच रविवारी आम्ही फोनवर दीड तास बोललो.

पहिला मुद्दा मी बोलण्याआधीच खोडला होता. हुशार, कष्टाळू आणि वक्तशीर ही विशेषणे प्रत्येक पत्रात असतात, त्यामुळे वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. ‘शुभेच्छा’ मात्र सरांच्या समाधानासाठी शेवटच्या ओळीत राहू दिल्या. सगळ्यात मोलाचा मुद्दा तिसरा आहे असे मला वाटत होते, कारण तो मला मुळीच कळला नव्हता. “क्षारता, वही, माझी चूक म्हणजे काय, सर?” असे विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग सांगू लागले.

मुलीचा प्रकल्प भाट्ये खाडीतील तिसऱ्यांवर, म्हणजे चिखलात राहणाऱ्या खाण्याच्या शिंपल्यांवर होता. काजळी नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाजवळ एक, आणि खाडीत आत जात आणखी दोन, अशी तीन ठिकाणे तिने ठरवली होती. दर पंधरवड्याला, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जाते तेव्हा, ती चिखलात चौकट ठेवून आतल्या तिसऱ्या मोजत असे, त्यांची लांबी घेत असे आणि पाण्याची क्षारता नोंदवत असे. क्षारता मोजण्याचे हाताळायचे उपकरण, रिफ्रॅक्टोमीटर, सोपे असते. काचेवर पाण्याचे दोन-तीन थेंब टाकायचे, उजेडाकडे धरून आत पाहायचे आणि निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमा कोणत्या आकड्यावर आहे ते वाचायचे. अट एवढीच की वापरण्यापूर्वी त्यावर ऊर्ध्वपातित पाणी टाकून शून्य दिसते की नाही ते तपासायचे, आणि दिसत नसेल तर बारीक स्क्रू फिरवून शून्यावर आणायचे. उपकरण सरांच्या कपाटात असे आणि ही तपासणी सरांनी स्वतःकडे ठेवली होती.

ऑगस्टच्या अखेरीस ती सरांकडे वही घेऊन आली. आठवडाभर मुसळधार पाऊस झालेला, वेळ ओहोटीची, आणि सर्वांत आतल्या ठिकाणी तर पाणी जवळजवळ गोडेच असायला हवे, पण तिच्या नोंदीत हजारी ४ भाग क्षार दिसत होते. तिने तेथेच ते पाणी चाखून पाहिले होते आणि ते खारट लागले नव्हते. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्याचे थेंब टाकले तर उपकरण शून्याऐवजी ३ दाखवत होते. सरांनी शून्याची तपासणी जूनच्या सुरुवातीला शेवटची केली होती. त्यानंतर पाच फेऱ्या झाल्या होत्या.

सरांनी सहज सांगितले, “सगळ्यांतून तीन वजा कर, झाले.” ती म्हणाली, “सर, पण ते कोणत्या फेरीला सरकले ते आपल्याला माहीत नाही. जूनच्या फेरीत बरोबर असेल तर मी बरोबर आकडा चुकीचा करीन.” तिने त्या पाच फेऱ्यांचे क्षारतेचे आकडे खोडले नाहीत. त्यांच्याभोवती चौकट आखून बाजूला कारण लिहिले आणि विश्लेषणातून ते बाहेर ठेवले. तिसऱ्यांची मोजणी मात्र तशीच घेतली, कारण तिचा उपकरणाशी संबंध नव्हता.

यात तिचे नुकसान किती झाले हे क्षेत्राबाहेरच्या वाचकाला सहज लक्षात येणार नाही. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा आला की खाडीतल्या तिसऱ्या मोठ्या संख्येने मरू शकतात, आणि क्षारता कितीवर उतरल्यावर संख्या घटू लागते हाच तिच्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न होता. म्हणजे भोक पडले ते नेमके सर्वांत महत्त्वाच्या महिन्यांत. तीन वजा केले असते तर आलेख सुरेख दिसला असता आणि परीक्षकाला काही कळलेही नसते. त्याऐवजी तिने निष्कर्षात स्पष्ट लिहिले की पावसाळ्यापुरते हे उत्तर देता येत नाही.

मी सरांना म्हटले की हेच पत्र आहे, बाकीचे मुद्दे त्याच्या आजूबाजूला बसतील. समितीला गुणपत्रिकेतून तिचे गुण कळतात. गैरसोयीची माहिती हाती आल्यावर ही मुलगी काय करते, हे गुणपत्रिकेत कोठेही नसते.

दुसऱ्या मुद्द्यातील ‘एकही फेरी चुकली नाही’ या वाक्याला मग आपोआप वजन आले, कारण वर्षभरातल्या चोवीस फेऱ्यांच्या तारखा वहीत होत्या आणि सर त्यांपैकी सात फेऱ्यांना स्वतः गेले होते. पत्रात आम्ही दोन्ही आकडे दिले. ‘मी सात वेळा सोबत होतो’ असे लिहिणाऱ्या माणसावर वाचणारा विश्वास ठेवतो.

वडिलांचा आणि घरच्या परिस्थितीचा मुद्दा मी काढायला सांगितला तेव्हा सर नाराज झाले. आपल्याकडे ‘गरिबीतून वर आलेली’ हे वाक्य कौतुकाचे असते आणि त्यामागची माया मला समजते. पण प्रवेशाच्या समितीला त्याचे काय करावे ते कळत नाही. शिवाय ते सांगायचे की नाही, आणि कोणत्या शब्दांत, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, आणि तिच्या निवेदनात त्याला जागा आहे. केटीचे मात्र उलट. ती गुणपत्रिकेत दिसणारच होती, आणि दिसणाऱ्या गोष्टीवर शिक्षकाने मौन पाळले तर वाचणारा स्वतःचा अर्थ काढतो. सरांनी तिला विचारले. त्या सत्रात घरात गंभीर आजारपण होते, एवढेच लिहायला तिने परवानगी दिली. आम्ही एकच वाक्य लिहिले, आणि पुढच्या प्रयत्नात त्याच विषयात तिला किती गुण मिळाले ते जोडले.

सर्वांत जास्त वाद झाला तो ‘आजवरची सर्वोत्तम’ यावर. पत्राबरोबर एक छोटा अर्जही भरायचा होता, ज्यात विद्यार्थी पहिल्या १ टक्क्यात, ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत बसतो यावर खूण करायची असते. सरांना पहिल्याच चौकोनात खूण करायची होती. मी विचारले, “किती जणांपैकी, सर?” त्यांनी जुन्या नोंदवह्या काढल्या आणि दुसऱ्या दिवशी आकडा सांगितला: त्यांच्या मार्गदर्शनाखाली आजवर ३८ प्रबंध झाले. त्यांत ही मुलगी कोठे, असे विचारल्यावर प्रामाणिक उत्तर आले की आणखी दोघे तिच्या तोडीचे किंवा थोडे वरचढ होते. (त्या दोघांत मी नव्हते, हेही त्यांनी न विचारता सांगितले.) ३८ पैकी तिसरी म्हणजे साधारण ८ टक्के. पत्रात ‘३८ पैकी पहिल्या तिघांत’ आणि अर्जात पहिल्या १ टक्क्याची खूण, असे एकमेकांशेजारी आले असते तर वाचणाऱ्याने दोन्हींवरचा विश्वास काढून घेतला असता. ३८ माणसांत १ टक्का म्हणजे अर्धा माणूसही होत नाही. सरांनी १० टक्क्यांच्या चौकोनात खूण केली, पण “माझ्यामुळे पोरीचे नुकसान नको,” असे तीनदा म्हणाले.

उरलेल्या गोष्टी कारकुनी होत्या, पण अर्ज अडतात ते तेथेच. पत्र जोडण्याचा दुवा शिक्षकाच्या संस्थेच्या ईमेलवर यावा अशी अपेक्षा असते, आणि सरांना महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलचा पासवर्ड चार वर्षांपूर्वीच विसरला होता. तो पुन्हा चालू करून घेण्यात तीन दिवस गेले. मुदत मध्य युरोपच्या वेळेनुसार रात्री ११:५९ ची होती, म्हणजे हिवाळ्यात रत्नागिरीत पहाटेचे ४:२९. सर त्यावर विसंबायला तयार नव्हते, आणि ते बरेच झाले.

मी सव्वा पानाचा मसुदा पाठवला. उपकरणाच्या प्रसंगात मी लिहिले होते की ‘उपकरणात बिघाड झाल्याचे तिच्या लक्षात आले.’ ज्या माणसाने मला सूक्ष्मदर्शक धरायला शिकवले त्याची चूक परक्या समितीपुढे मांडणे मला जड गेले होते. दोन दिवसांनी सरांनी जोडलेल्या पत्राची प्रत मला पाठवली. बाकी सगळे जवळजवळ तसेच होते, फक्त ते एक वाक्य त्यांनी बदलले होते: ‘उपकरण तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि तीन महिने मी ती पार पाडली नाही, हे तिने माझ्या टेबलावर वही उघडून मला दाखवले, आणि मी सुचवलेली सोपी दुरुस्ती नाकारली.’