दुर्योधनाची मांडी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे पत्र आले, तेव्हा अनेक आठवणी समोर उभ्या राहिल्या. पण त्यांतली एक अशी आहे की, तिने मला पुढची कित्येक वर्षे विचार करायला लावले, म्हणून तिच्याविषयीच लिहितो. मी सहावीत असताना आमच्या संस्कृतच्या बाईंनी स्नेहसंमेलनात प्राचीन नाटककार भासाचे ‘ऊरुभङ्गम्’ बसवले होते. नाटक मूळ संस्कृतात, संवाद थोडे कमी केलेले, नववी-दहावीची मुले मोठ्या भूमिकांत आणि वर्गात सर्वांत लहानखुरा म्हणून मी दुर्जय, म्हणजे दुर्योधनाचा मुलगा. माझ्या वाट्याला जेमतेम दहा-बारा वाक्ये होती, पण तालमींमुळे सबंध नाटक पाठ झाले आणि ते अजूनही बरेचसे पाठ आहे.

भासाच्या नावावर सांगितली जाणारी तेरा नाटके गणपतिशास्त्रींनी 1912 पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली. ‘ऊरुभंग’ त्यांपैकीच एक, अवघ्या एका अंकाचे. नायक रंगमंचावरच प्राण सोडतो आणि शेवट गोड होत नाही, त्यामुळे संस्कृतातील एकमेव शोकांतिका अशी त्याची ओळख अनेकदा करून दिली जाते आणि दुर्योधनाला त्या शोकांतिकेचा नायक म्हटले जाते. महाविद्यालयात गेल्यावर ॲरिस्टॉटलचे ‘काव्यशास्त्र’ विंदा करंदीकरांच्या मराठी अनुवादातून वाचले आणि मीही याच मताचा निबंध लिहिला. दिवाळीच्या सुट्टीत तो घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, “अरे, तू तर या नाटकात होतास. दुर्योधन पडताना तू कधी पाहिलास?”

या प्रश्नाचा रोख कळण्यासाठी ॲरिस्टॉटल काय म्हणतो ते आधी पाहायला हवे. शोकात्म नायक कसा असावा, हे तो तेराव्या प्रकरणात सांगतो. अगदी सद्गुणी माणूस वैभवातून विपत्तीत गेला तर ते केवळ क्लेशदायक वाटते. अगदी दुष्ट माणसाचा अधःपात झाला तर माणुसकीला समाधान मिळते, पण करुणा आणि भीती यांपैकी काहीच जागे होत नाही. म्हणून नायक या दोहोंच्या मधला हवा आणि तो दुष्टपणामुळे नव्हे, तर एखाद्या प्रमादामुळे पडावा. या प्रमादाला तो ‘हामार्शिया’ म्हणतो. मराठीत त्याचा अर्थ सरसकट ‘स्वभावदोष’ असा केला जातो, पण मूळ शब्दात नेम चुकण्याची कल्पना आहे. माणूस न कळता चुकीचे पाऊल टाकतो, हा त्याचा गाभा आहे. ग्रीक शोकांतिकेतल्या इडिपसने वाटेत मारलेला माणूस आपला बाप आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. या प्रमादाच्या जोडीला कथानकात विपर्यास हवा, म्हणजे घटनांना अपेक्षेच्या नेमके उलट वळण लागायला हवे, आणि अभिज्ञान हवे, म्हणजे अज्ञानाच्या जागी ज्ञान यायला हवे.

माझ्या निबंधात या तिन्ही गोष्टी मी दुर्योधनात शोधून काढल्या होत्या, आणि वरवर पाहिले तर त्या सापडतातही. विपर्यास तर फार सुंदर सापडतो. नाटकाच्या आरंभी तीन सैनिक गदायुद्धाचे वर्णन करतात. भीम घाव लागून कोसळतो, तेव्हा दुर्योधन हात आवरतो आणि त्याला सांगतो की, भिऊ नकोस, वीर पुरुष युद्धात अशा असहाय शत्रूला मारत नाहीत. त्या उसंतीत कृष्ण स्वतःच्या मांडीवर थाप मारून भीमाला खूण करतो, भीम उठतो आणि गदा मांड्यांवर बसते. दुर्योधनाने दाखवलेल्या औदार्याच्या क्षणातूनच त्याचा घात होतो, याहून चांगला विपर्यास कोणता असेल?

अभिज्ञानही सापडते. अश्वत्थामा सूडाच्या गोष्टी बोलू लागतो, तेव्हा दुर्योधन स्वतःची कृत्ये स्वतःच मोजून दाखवतो: द्यूतात द्रौपदीला केस धरून ओढले, अभिमन्यू बालक असून त्याला रणात मारले, फाशांच्या कपटाने पांडवांना वनात श्वापदांच्या सोबतीला धाडले. आणि म्हणतो, ‘नन्वल्पं मयि तैः कृतम्’. या सगळ्याच्या मानाने त्यांनी माझे जे केले ते थोडेच आहे. हे वाक्य म्हणणारा आमचा दहावीतला मुलगा तालमीत ते आवाज चढवून म्हणत असे आणि बाई दर वेळी त्याला थांबवून सांगत, “हिशेब सांगतो तसे सांग.”

पण प्रमादापाशी माझा निबंध लंगडा पडत होता आणि मी ते झाकले होते. द्रौपदीचे केस ओढवताना दुर्योधनाला ती कोण हे ठाऊक नव्हते काय? फासे खोटे आहेत हे त्याला माहीत नव्हते काय? त्याने केले ते पूर्ण जाणतेपणी केले. त्याला प्रमाद म्हटले तर प्रमाद आणि दुष्कृत्य यांतला भेदच उरत नाही, आणि ॲरिस्टॉटलची सारी मांडणी या भेदावरच उभी आहे. महाभारतातला दुर्योधन जसाच्या तसा घेतला, तर तो तेराव्या प्रकरणातल्या दुष्ट माणसाच्या जागी जाऊन बसतो, आणि त्याच्या पतनाने करुणा जागी व्हायला नको. ती होते, हे मात्र प्रत्येक प्रेक्षक जाणतो. मग ती कुठून येते?

माझ्या मते ती दुर्योधन आणि दुर्जय, म्हणजे आमच्या दोघांच्या प्रवेशातून येते. आंधळा धृतराष्ट्र रणभूमीवर मुलाला शोधत येतो आणि त्याच्या वस्त्राचे टोक ओढत वाट दाखवणारा दुर्जय असतो. नातू दमला आहे हे कळल्यावर आजोबा म्हणतात, जा, बापाच्या मांडीवर विसावा घे. दुर्जय दुर्योधनाला गाठतो आणि मांडीवर बसू पाहतो. दुर्योधन त्याला अडवतो. का अडवता, असे मूल विचारते, आणि उत्तर येते: ‘त्यक्त्वा परिचितं पुत्र यत्र तत्र त्वयास्यताम्। अद्यप्रभृति नास्तीदं पूर्वभुक्तं तवासनम्॥’ बाळा, ओळखीची जागा सोडून आता कुठेही बस. तुझे हे नेहमीचे आसन आजपासून उरले नाही. बाईंनी दुर्योधनाचे दोन्ही पाय धोतराच्या आत सुती पट्टीने घट्ट बांधले होते, कारण मूल जवळ येताच कोणाचेही गुडघे आपसूक उचलले जातात. मी धावत जाऊन थबकत असे आणि माझ्यासमोर ते पाय लाकडासारखे पडलेले असत. त्यानंतर महाराज कुठे जाणार, असे मी विचारी. शंभर भावांच्या मागे, असे तो सांगे. मलाही तिकडे न्या, असे मी म्हणे, आणि तो म्हणे, जा बाळा, हे भीमाला सांग.

ज्या मांडीवर द्रौपदीला बसण्यासाठी भर सभेत खुणावले, तीच ही मांडी. भास या प्रवेशात त्या प्रसंगाचा उच्चारही करत नाही. महाभारत तोंडपाठ असलेल्या प्रेक्षकाला ते सांगावे लागत नाही, आणि भासाने मांडी सूडाच्या कथेतून उचलून लेकराच्या हक्काच्या जागेत नेऊन ठेवली, हे त्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. इथे वाटणारी करुणा पतनाची नाही. ती पतनानंतर जे मागे उरते त्याची आहे.

बाईंच्या प्रश्नाचा रोख हाच होता. ॲरिस्टॉटलच्या लेखी कथानक हा शोकात्मिकेचा आत्मा आहे आणि पात्र दुय्यम. शोकनायक हे माणसाच्या गुणांचे वर्णन नाही, ते कथानकातील एका जागेचे नाव आहे: वैभवाकडून विपत्तीकडे जाणारी वाट आपल्यासमोर चालणारा तो. इडिपस पहिल्या प्रवेशात राजा असतो आणि शेवटी डोळे फोडून घेतलेला असतो. आमचा दुर्योधन मात्र पहिल्यांदा दिसतो तो मोडलेल्या मांड्यांनिशी, हातांवर भार देऊन जमिनीवरून सरकत येताना. त्याचा विपर्यास सैनिकांच्या तोंडी येऊन संपलेला असतो. तो रंगमंचावर आल्यापासून नाटकाची दिशा वर जाणारी आहे. संतापलेल्या बलरामाच्या पायांवर डोके ठेवून तो मागतो काय, तर कुरुकुळाला तिलांजलीचे पाणी देणारे पांडवरूपी मेघ जगू देत: ‘वैरं च विग्रहकथाश्च वयं च नष्टाः’. वैर गेले, युद्धाच्या गोष्टी गेल्या आणि आम्हीही गेलो. या क्रमात ‘आम्ही’ शेवटी येते, हे मला फार मोलाचे वाटते. पुढे तो मुलाला पांडवांची सेवा करायला आणि द्रौपदीला आईसारखे मानायला सांगतो. शेवटी त्याला पूर्वज दिसतात, कर्ण दिसतो, भाऊ दिसतात, आणि हजार हंसांचे विमान त्याला न्यायला येते. हे कथानक शोकात्मिकेचे नाही.

याचा अर्थ भासाचे नाटक कुठे कमी पडले, असा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात दहा रूपकांपैकी, म्हणजे नाट्यप्रकारांपैकी, ‘उत्सृष्टिकांक’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यात करुणरस प्रधान असतो, स्त्रियांचा विलाप असतो आणि युद्ध संपून गेलेले असते. ‘ऊरुभंगा’ला ही चौकट अंगरख्यासारखी बसते. काही अभ्यासक त्याला व्यायोग, म्हणजे संघर्षप्रधान एकांकी रूपक, असेही म्हणतात, पण मला उत्सृष्टिकांक अधिक पटतो, कारण युद्ध संपलेले असणे हीच या नाटकाची खरी भूमी आहे. मरणाचे दृश्य रंगमंचावर आले म्हणून ग्रीक नाव शोधायला जाण्याची गरज नव्हती.

तरीही एक अडचण मला अजून सोडवता आलेली नाही. अश्वत्थामा ऐकत नाही. तो रात्री पांडवांना जाळून काढण्याची प्रतिज्ञा करतो आणि अभिषेकाचे पाणी नसताना, केवळ ब्राह्मणाच्या शब्दाने, दुर्जयाला राजा करतो. त्यावर दुर्योधन समाधानाने म्हणतो की, माझ्या मनासारखे झाले. ज्याने थोड्या वेळापूर्वी त्याच मुलाला पांडवांच्या सेवेला लावले, त्याचेच हे शब्द आहेत. म्हणजे त्याचे अभिज्ञान पुरते झाले नव्हते काय? आणि स्वर्गात ऐरावतावर बसलेला काकपक्षधारी, म्हणजे बालवयातली झुलपे राखलेला, अभिमन्यू त्याला दिसतो तो रागावून बोलताना दिसतो. त्या मुलाने क्षमा केलेली नाही. ॲरिस्टॉटलच्या अर्थाने चुकीचे पाऊल या नाटकात आपल्यासमोर कोणी टाकत असेल तर तो अश्वत्थामा आहे, आणि ते पाऊल उचलले जाते तेव्हा नाटक संपत आलेले असते.

आमच्या प्रयोगात शेवटी दुर्योधनावर पांढरे वस्त्र पांघरले जाई. धृतराष्ट्र तपोवनाकडे निघे, आणि मी त्याच्या उपरण्याचे टोक धरून त्याला डावीकडच्या विंगेत नेत असे. अश्वत्थामा धनुष्य उचलून उजवीकडे जात असे. बाईंनी मला बजावून ठेवले होते की, तू आता राजा आहेस, पण तुला ते कळलेले नाही, तेव्हा मागे वळून फक्त त्या पायांकडे बघ.