बाबांचे शेअर्स आमच्या नावावर होईपर्यंत

बाबा गेले तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत त्यांचे १,२०० शेअर्स होते. एकूण ६,०००. बाकीचे धाकट्या काकांकडे आणि त्यांच्या मुलांकडे. बाबांनी नॉमिनी नेमलेला नव्हता. तेराव्यानंतर काका म्हणाले, "अगं, आपली प्रायव्हेट कंपनी आहे. आर्टिकल्सप्रमाणे शेअर्स बाहेर जाऊ शकत नाहीत. दर्शनी किमतीनं, शंभर रुपयानं, आम्ही घेतो. वहिनींना पैसे लगेच देतो." आईनं माझ्याकडं बघितलं. मला उत्तर माहीत नव्हतं.

आर्टिकल्सची, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीची, प्रत मागितली तर मिळेना. सभासदाला ती मागता येते, पण आम्ही अजून सभासद नव्हतो. शेवटी कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीची कागदपत्रं उघडली. त्यात आर्टिकल्स होते आणि वार्षिक विवरणपत्रासोबतच्या भागधारकांच्या यादीत बाबांचे १,२०० शेअर्सही होते. ती यादी मी लगेच उतरवून ठेवली.

मग दोन कलमं पुन्हा पुन्हा वाचली. एकात लिहिलं होतं की शेअर विकू इच्छिणाऱ्या सभासदानं तो आधी इतर सभासदांना, ऑडिटरनं ठरवलेल्या रास्त किमतीला देऊ करावा. म्हणजे या कलमात शंभर रुपये कुठंच नव्हते. शिवाय बाबा काही विकत नव्हते, ते वारले होते. मृत्यूनंतर शेअर कायद्यानंच वारसाकडं येतो. त्याला ट्रान्समिशन म्हणतात. तो ट्रान्सफर नव्हे, त्याला ट्रान्सफर फॉर्म लागत नाही आणि स्टॅम्प ड्युटीही नाही. काही कंपन्यांच्या आर्टिकल्समध्ये मात्र सभासद वारल्यावर शेअर्स बाकीच्यांना देऊ करावेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथं गोष्ट वेगळी होते. आमच्यात तसं नव्हतं. दुसरं कलम जरा अवघड होतं. वारसानं स्वतःचं नाव नोंदवायला सांगितलं तरी, मयतानं शेअर हस्तांतरित केला असता तर संचालक मंडळाला जो नकाराचा अधिकार असता, तोच इथंही राहील. म्हणजे आपोआप नाव लागणार नव्हतं.

कोल्हापूरच्या दिवाणी न्यायालयात वारसा प्रमाणपत्राचा अर्ज केला. पेपरात जाहीर नोटीस झाली, हरकत कुणी घेतली नाही, तरी सात महिने गेले. वकिलांनी विचारलं, "आजी आहेत ना?" आम्ही आई, भाऊ आणि मी एवढेच धरून चाललो होतो. हिंदू वारसा कायद्यात मुलाची आई प्रथम वर्गातली वारस असते. म्हणून चौघांचे तीनशे-तीनशे झाले. काकांच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा आशा दिसली, कारण आजी त्यांचीही आई होती.

आणि इथंच माझी मोठी चूक झाली. प्रमाणपत्र हातात आल्यावर मी कंपनीला साधं पत्र लिहिलं, "बाबांच्या शेअर्सबाबत पुढं काय करायचं ते कळवावं." उत्तर नाही. दोन महिने मी वाट बघितली. वकिलांनी पत्र वाचून सांगितलं की यात मागणीच नाही, याची मुदत सुरू झाली असं कुणी धरणार नाही. मग चौघांच्या सह्यांनी नवं पत्र गेलं. आम्ही शेअर्स स्वतःच्या नावावर नोंदवून घेण्याचा पर्याय निवडत आहोत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आणि मृत्यूचा दाखला, प्रमाणपत्राची प्रत, मूळ शेअर सर्टिफिकेट जोडलं. पोहोच मिळेल अशा पोस्टानं पाठवलं. पोहोचलेली तारीख मी कॅलेंडरवर लाल केली.

कंपनी नकार देणार असेल तर तीस दिवसांत कारणांसह कळवायला हवं. काहीच आलं नाही. नकार आला असता तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत दाद मागायची असते. काहीच आलं नाही तर आपलं पत्र पोहोचल्यापासून साठ दिवस. बाविसाव्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. ते म्हणाले, "बघू बोर्डात." मी चहा पिऊन परत आले. बावन्नाव्या दिवशी कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अपील दाखल केलं. काका कोर्टाला घाबरत नव्हते, पण नकाराची कारणं लेखी द्यावी लागतील म्हटल्यावर कंपनीचा वकील विचारात पडला. दुसऱ्या तारखेआधीच बोर्डानं ठराव करून चौघांची नावं नोंदवली आणि अडवून ठेवलेला लाभांशही दिला.

आईला पैशाची गरज होती, तिनं तिचे तीनशे विकायचे ठरवले. आता मात्र ती सभासद होती आणि ही खरी विक्री होती, म्हणून पहिलं कलम लागू झालं. शेअर्स आधी बाकीच्या सभासदांना देऊ करावे लागले. ऑडिटरनं काढलेली किंमत एका शेअरला २,१५० रुपये. काकांनी घेतले.

आजीचे तीनशे अजून तिच्याच नावावर आहेत. काका विचारायला आले तेव्हा ती म्हणाली, "त्याच्या वाटणीचं माझ्या नावावर राहू दे रे." सर्टिफिकेट तिच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत आहे.